घोड्यांच्या लाथा आणि n²/n! ची बेरीज

प्रशियाच्या सैन्यात दरवर्षी काही शिपाई घोड्याची लाथ बसून मरत. लढाईत नव्हे, तबेल्यात. लाडिस्लाउस फॉन बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञाने १८९८ साली एक छोटं पुस्तक काढलं आणि त्यात या मृत्यूंचा तक्ता छापला. १८७५ ते १८९४ अशी वीस वर्षं आणि सैन्याची चौदा दळं. त्यातली चार दळं इतरांपेक्षा वेगळ्या घडणीची होती. ती बाजूला ठेवली की दहा दळं उरतात, म्हणजे दहा गुणिले वीस, दोनशे नोंदी. एका दळात एका वर्षात लाथेने किती शिपाई गेले, एवढंच प्रत्येक नोंद सांगते.

दोनशेपैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही. ६५ नोंदींत एक, २२ नोंदींत दोन, तीन नोंदींत तीन आणि एकाच नोंदीत चार. एकूण मृत्यू १२२. दोनशेने भागलं की सरासरी ०.६१.

एखाद्या दळात एकाच वर्षी चार शिपाई गेले म्हटल्यावर तिथला तबेला वाईट, घोडे माजलेले, असं कुणालाही वाटेल. पण बोर्टकिएविचचं म्हणणं निराळं होतं. क्वचित घडणाऱ्या आणि एकमेकींशी संबंध नसलेल्या घटना निव्वळ योगायोगाने घडल्या, तरी त्यांचा पसारा असाच दिसतो. त्याचं सूत्र सीमेऑं-देनी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ सालीच देऊन ठेवलं होतं. सरासरी x असेल, तर n घटना घडण्याची शक्यता अशी:

xⁿ / n! भागिले eˣ

यातला n! म्हणजे n फॅक्टोरियल, म्हणजे १ पासून n पर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार. 4! म्हणजे चोवीस, 5! म्हणजे एकशेवीस, आणि 0! ची किंमत १ धरतात. e ही संख्या साधारण २.७१८२८. सूत्रात x च्या जागी ०.६१ घालून उत्तराला दोनशेने गुणलं, की शून्य मृत्यूंच्या नोंदी १०८.७, एका मृत्यूच्या ६६.३, दोनच्या २०.२ आणि तीनच्या ४.१ यायला हव्यात. प्रत्यक्षात १०९, ६५, २२ आणि ३ आहेत. एवढा मेळ बसल्यावर तबेल्याला दोष देणं अवघडच.

पण रकाने नुसते शेजारीशेजारी ठेवून बघण्यापेक्षा जास्त नेमकी एक कसोटी आहे. आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते मोजायचं. त्यासाठी प्रत्येक नोंदीचा वर्ग करायचा आणि त्या वर्गांची सरासरी काढायची. हे काम हातानेही होतं: एकच्या ६५ नोंदींचे ६५, दोनच्या २२ नोंदींचे प्रत्येकी चार म्हणजे ८८, तीनच्या तीन नोंदींचे प्रत्येकी नऊ म्हणजे २७ आणि चारच्या एका नोंदीचे १६. एकूण १९६. भागिले दोनशे, ०.९८.

आता प्रश्न असा, की प्वासाँच्या सूत्राप्रमाणे ही वर्गांची सरासरी किती यायला हवी? प्रत्येक n चा वर्ग घ्यायचा, त्याला n च्या शक्यतेने गुणायचं आणि सगळं मिळवायचं. n ला वरची मर्यादा नाही, त्यामुळे ही बेरीज अनंत पदांची आहे. eˣ चा भाग बाहेर काढला, की आत उरते ती श्रेणी n² xⁿ / n! अशा पदांची. तिची बेरीज आली नाही, तर कसोटी तिथेच अडते.

आधी x ला १ धरून सोपं रूप घेऊ:

1²/1! + 2²/2! + 3²/3! + 4²/4! + …

पदं मोजली तर १, २, १.५, ०.६६६७, ०.२०८३, ०.०५, ०.००९७ अशी येतात. दुसऱ्या पदाला श्रेणी थोडी वर चढते आणि मग कोसळते, कारण वर वर्ग आहे पण खाली फॅक्टोरियल आहे. दहा वर्गिले शंभर होतात, तर दहाचं फॅक्टोरियल छत्तीस लाखांच्या वर जातं. त्यामुळे दहा पदांतच बेरीज ५.४३६५६ वर येऊन टेकते. पुढची सगळी पदं मिळून जी भर पडते, ती दशांशाच्या सहाव्या स्थानाला जेमतेम हात लावते.

हा आकडा ओळखीचा वाटत नाही. त्याला दोनने भागून बघितलं, की २.७१८२८. म्हणजे उत्तर 2e असणार. पण हे ओळखणं झालं. ते तसंच का, हे e च्याच श्रेणीतून निघतं:

e = 1/0! + 1/1! + 1/2! + 1/3! + …

ऑयलरच्या १७४८ सालच्या ग्रंथापासून ही श्रेणी पाठ्यपुस्तकांच्या घरचीच झाली आहे. (n! हे चिन्ह मात्र पुढे १८०८ साली क्रिस्तियाँ क्रांप याने आणलं.) या श्रेणीत वरच्या बाजूला प्रत्येक ठिकाणी फक्त १ आहे. आपल्या श्रेणीत वर n² आहे. तेव्हा सगळा खटाटोप या n² ला खालच्या फॅक्टोरियलमध्ये जिरवून वर १ उरवण्याचा आहे.

n! मध्ये n हा एक गुणक आहे, तेव्हा n² मधला एक n सरळ छाटला जातो आणि n/(n−1)! उरतं. दुसरा n मात्र अडून बसतो. खालच्या फॅक्टोरियलमधला सगळ्यात मोठा गुणक आता n−1 आहे, n नाही. इथे n² ही मोठी नोट आहे आणि फॅक्टोरियलच्या दुकानात ती चालत नाही. तिथे n, n(n−1), n(n−1)(n−2) असे सुटेच चालतात. म्हणून नोट मोडायची. दुसऱ्या n च्या जागी (n−1)+1 लिहायचं:

n² = n(n−1) + n

n ला ५ धरून पडताळलं तर पाच चोक वीस आणि पाच, पंचवीस. बरोबर. आता दोन्ही भागांना n! ने वेगवेगळं भागायचं. n! म्हणजे n(n−1) गुणिले (n−2)!, म्हणून पहिल्या भागातून n(n−1) पूर्ण जातं. दुसऱ्यातून n जातो. उरतं ते असं:

n²/n! = 1/(n−2)! + 1/(n−1)!

वर दोन्ही ठिकाणी १ आला. राहिलं खालचं n−2 आणि n−1. इथे क्रमांक सरकवायचा. पहिल्या श्रेणीत n−2 ला m म्हणायचं. n दोन असताना m शून्य, n तीन असताना m एक, आणि पुढे तसंच. म्हणजे ती श्रेणी 1/0! + 1/1! + 1/2! + … अशी होते. ही तर e चीच श्रेणी, फक्त मोजणी दोन घरं उशिरा सुरू झालेली. दुसऱ्या श्रेणीत n−1 ला m म्हटलं, की n एक असताना m शून्य, तीही e. एक e आणि दुसरा e, मिळून 2e.

सरकवण्याने एकही पद बदलत नाही, वाढत नाही, गळत नाही. बदलतो तो पदावर चिकटवलेला क्रमांक. अनंत श्रेणीची अशी फोड करायला मुभा आहे का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. इथे मुभा आहे, कारण फोडीनंतरच्या दोन्ही श्रेणींची स्वतंत्र बेरीज ठराविक संख्येवर थांबते. सगळीकडे तसं होत नाही. 1/(n(n+1)) या पदाची फोड 1/n वजा 1/(n+1) अशी होते आणि ती चूकही नाही. पण त्यांच्या दोन वेगळ्या श्रेणी केल्या की दोन्ही अमर्याद वाढत जातात आणि अनंतातून अनंत वजा करायची पाळी येते. फॅक्टोरियल खाली असेपर्यंत ही भीती नाही.

आता घोड्यांकडे. x असताना फरक एवढाच, की n(n−1) छाटल्यावर खाली (n−2)! राहतं, पण वर xⁿ तसाच असतो. त्यातून x² बाहेर काढला की आत xⁿ⁻² उरतं, म्हणजे घात आणि फॅक्टोरियल पुन्हा एकाच क्रमांकावर येतात आणि eˣ ची श्रेणी जुळते. दुसऱ्या भागातून x बाहेर येतो. म्हणून

n² xⁿ/n! ची बेरीज = (x² + x) eˣ

प्वासाँच्या सूत्रातल्या eˣ ने भागलं, की वर्गांची सरासरी x² + x. x च्या जागी ०.६१ घातलं तर ०.३७२१ अधिक ०.६१, म्हणजे ०.९८२१. प्रशियाच्या कागदपत्रांतून हाताने काढलेला आकडा ०.९८ होता.

या x² + x मध्ये आणखी एक गोष्ट आहे. विखुरण्याचं माप काढताना वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करतात. इथे x² वजा केला की x उरतो. म्हणजे योगायोगाने घडणाऱ्या क्वचित घटनांचं विखुरण्याचं माप आणि त्यांची सरासरी सारखीच असायला हवी. लाथांच्या तक्त्यात हे माप ०.६०७९ येतं आणि सरासरी ०.६१ आहे. ते माप सरासरीपेक्षा बरंच मोठं आलं असतं, तर काही दळांत खरंच काहीतरी बिघडलं होतं असा संशय घ्यायला जागा होती. चार मृत्यूंच्या त्या एका नोंदीवर बोट ठेवण्यापेक्षा ही कसोटी फार प्रामाणिक, कारण ती दोनशेही नोंदींना एकदम प्रश्न विचारते.

गणित सोपं दिसलं तरी ते चुकण्याची एक ठरलेली जागा आहे: श्रेणी सुरू कुठून होते. फोड न करता n/(n−1)! वर थांबून तिथेच n−1 ला m म्हणण्याची वाटही चालते. मग पद (m+1)/m! असं होतं, म्हणजे m/m! अधिक 1/m!. या दोन्हींची बेरीज पुन्हा e आणि e. पण n एकपासून सुरू होतो म्हणून m ही एकपासूनच सुरू होतो असं धरलं, तर 1/0! हे पद गळतं आणि उत्तर 2e ऐवजी 2e − 1, म्हणजे ४.४३६६ येतं. ही चूक पकडायला कुणाची मदत लागत नाही. मूळ श्रेणीची पहिली तीनच पदं, १, २ आणि १.५, मिळवली की ४.५ होतात. सगळी पदं धन असताना अख्ख्या श्रेणीची बेरीज पहिल्या तीन पदांपेक्षा कमी कशी असेल? क्रमांक सरकवला की सुरुवातीचं टोकही त्याच्याबरोबर सरकवायचं, हे ज्याच्या हातात बसलं त्याची अर्धी भीती गेली.

दुसरी शंका पहिल्या भागाबद्दल येते. n एक असताना 1/(n−2)! म्हणजे 1/(−1)! लिहायचं का? लिहायचं नाही. छाटण्याआधीच बघायचं, की n(n−1) हे n शून्य आणि एक असताना शून्यच असतं. ती पदं आधीच नाहीत, म्हणून ती श्रेणी दोनपासून सुरू होते. आधी छाटून मग किंमत घालणारा माणूस ऋण फॅक्टोरियलच्या दारात जाऊन उभा राहतो.

सुरुवातीच्या टोकाचा खरा कस लागतो तो खाली (n+1)! असल्यावर. उदाहरणार्थ n²/(n+1)! ची n = 1 पासूनची बेरीज. आता सुटे पैसे n+1 पासून मोजायचे, कारण खालच्या फॅक्टोरियलमधला सगळ्यात मोठा गुणक तो आहे:

n² = (n+1)n − (n+1) + 1

n तीन धरला तर बारा वजा चार अधिक एक, नऊ. ठीक. (n+1)! ने भागलं की

n²/(n+1)! = 1/(n−1)! − 1/n! + 1/(n+1)!

घाईत असलेला विद्यार्थी इथे e वजा e अधिक e असं लिहून उत्तर e देतो. पण n एकपासून सुरू आहे. पहिली श्रेणी 1/0! पासून सुरू होते, म्हणून ती पूर्ण e. दुसरी 1/1! पासून, म्हणजे तिच्यात सुरुवातीचा १ नाही: e − 1. तिसरी 1/2! पासून, म्हणजे तिच्यात 1/0! आणि 1/1! दोन्ही नाहीत: e − 2. सगळं मिळून e − (e − 1) + (e − 2), म्हणजे e − 1. हिशेबाने पडताळायचं तर ०.५, ०.६६६७, ०.३७५, ०.१३३३, ०.०३४७, ०.००७१, ०.००१२ ही पदं मिळवत जायचं, बेरीज १.७१८ वर जाऊन थांबते. e असती तर ती २.७१८ वर थांबली असती. पूर्ण एकाचा फरक, आणि तो फक्त सुरुवातीच्या टोकाचा.

वर्गानंतर घन. n³ ची फोड n, n(n−1) आणि n(n−1)(n−2) या तीन सुट्यांत करायची. गुणक शोधायला समीकरणांचं जंजाळ लागत नाही. N च्या जागी १, २, ३ क्रमाने घालायचे. n एक घातला की मागचे दोन्ही भाग शून्य होतात, म्हणून n चा गुणक १. n दोन घातला की डावीकडे ८, उजवीकडे n चे २ आणि n(n−1) चे प्रत्येकी २. म्हणून त्याचा गुणक ३. n तीन घातला की डावीकडे २७, उजवीकडे ३ आणि १८ मिळून २१. उरलेल्या सहासाठी शेवटचा गुणक १.

n³ = n(n−1)(n−2) + 3n(n−1) + n

प्रत्येक सुटा भाग n! मध्ये पूर्ण जिरतो आणि आपला एक e देऊन जातो. म्हणून n³/n! ची बेरीज 1 + 3 + 1, म्हणजे 5e. चौथ्या घाताला गुणक 1, 6, 7, 1 येतात आणि बेरीज 15e होते. पाचव्या घाताला 52e. स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत 2e, 5e, 15e हे आकडे चौकटीत घालून पाठ करायला देतात. पाठ करायला हरकत नाही, पण प्रश्नात खाली (n+1)! आलं, की ती चौकट कामाची राहत नाही.

२, ५, १५, ५२ हे आकडे मात्र उगीच येत नाहीत. n खोल्यांच्या लॉजवर तीन पाहुणे आले आणि प्रत्येकाने हवी ती खोली निवडली, एका खोलीत कितीही जण राहिले तरी चालेल, तर एकूण प्रकार किती? प्रत्येकाला n पर्याय, म्हणून n³. आता हेच प्रकार दुसऱ्या पद्धतीने मोजू: कोण कुणाबरोबर राहिलं यावरून. तिघं वेगवेगळ्या खोल्यांत राहिले, तर पहिल्याला n, दुसऱ्याला n−1, तिसऱ्याला n−2 पर्याय, म्हणजे n(n−1)(n−2). दोघं एकत्र आणि तिसरा वेगळा असेल, तर वेगळा कोण हे ठरायचे तीन प्रकार, आणि प्रत्येकात दोन खोल्या निवडायच्या, म्हणजे 3n(n−1). तिघं एकत्र असतील तर एकच खोली, n पर्याय. बेरीज केली की वरचीच फोड समोर येते, पण आता १, ३, १ या गुणकांना अर्थ आला. तीन माणसांचे गट पाडण्याचे ते प्रकार आहेत आणि ते एकूण पाच आहेत. प्रत्येक प्रकार श्रेणीत एकेक e आणतो, म्हणून 5e. हाच विचार कोणत्याही घाताला चालतो: nᵏ/n! ची बेरीज म्हणजे k वस्तूंचे गट पाडण्याचे जितके प्रकार, तितके e. हे सूत्र डोबिन्स्कीच्या नावाने ओळखलं जातं. ते १८७७ चं.

पाच वस्तूंचे असे प्रकार ५२ होतात, आणि ते जपानमध्ये सुगंधाच्या एका खेळातून फार आधीच मोजून झाले होते. गेंजिको नावाच्या या खेळात पाच प्रकारच्या धुपांच्या प्रत्येकी पाच पुड्या करतात, पंचवीसही पुड्या मिसळतात आणि त्यातल्या पाच एकामागून एक जाळतात. पाहुण्याने वास घेऊन सांगायचं, की पाचांपैकी कोणते वास सारखे होते. उत्तर शब्दांत द्यायचं नसतं. पाच उभ्या रेघा ओढून सारख्या वासांच्या रेघा वरच्या टोकाला जोडायच्या असतात. अशा ५२ आकृत्या तयार होतात. प्रत्येकीला ‘गेंजीची कथा’ या प्राचीन कादंबरीतल्या एकेका प्रकरणाचं नाव आहे. कादंबरीची प्रकरणं ५४ आहेत, त्यामुळे पहिलं आणि शेवटचं सोडून द्यावं लागलं. e चा वासही नसलेल्या त्या दिवाणखान्यात n⁵/n! चा गुणक असा कागदावर चितारला जात होता.

या संख्यांना आज बेल संख्या म्हणतात. एरिक टेंपल बेल याने १९३० च्या दशकात त्यांच्यावर लिहिलं म्हणून हे नाव. त्याआधी रामानुजनने, इंग्लंडला जाण्यापूर्वीच, आपल्या दुसऱ्या वहीच्या तिसऱ्या प्रकरणात त्यांचा बराच अभ्यास करून ठेवला होता. नावं पडताना असं होतं.

ही युक्ती कुठवर चालते? वर n ची बहुपदी असेल, म्हणजे n² + 3n + 7 सारखं काहीही, तर नेहमी चालते. उत्तर e ची पट आणि फार तर सुरुवातीच्या टोकामुळे एखादी वजा-अधिक होणारी संख्या, एवढंच येतं. वर n चं वर्गमूळ असेल तर ते कितीही मोडलं तरी सुट्यांत बसत नाही.

खाली जादा गुणक असेल तर मात्र बघून पाऊल टाकावं लागतं. 1/((n+2)·n!) हे पद घ्या. फॅक्टोरियलच्या शिडीत n नंतर n+1 यायला हवा, तो नाही. थेट n+2 आहे. तेव्हा वर-खाली n+1 ने गुणायचं. खाली (n+2)! पूर्ण होतं आणि वर n+1 येतं. n+1 म्हणजे (n+2) − 1, म्हणून पद 1/(n+1)! − 1/(n+2)! असं फुटतं. n शून्यापासून बेरीज केली, की (e − 1) − (e − 2), म्हणजे नेमका १. अनंत पदांच्या श्रेणीतून e पूर्ण नाहीसा झाला.

आता जवळजवळ तसंच दिसणारं 1/(n·n!) घ्या, n = 1 पासून. इथे जादा n खाली आहे, पण n! मध्ये n आधीच असल्याने शिडीला रिकामी पायरीच नाही, जी भरून काढता येईल. वर-खाली कशानेही गुणा, खाली एक n दुबार राहतोच. या श्रेणीची बेरीज १.३१७९० च्या आसपास येते आणि पदं इतकी झपाट्याने लहान होतात, की ती हाताने सहज काढता येते. पण ती e च्या साध्या पटीत मांडण्याची वाट क्रमांक सरकवण्यातून निघत नाही. त्यासाठी (eˣ − 1)/x चं ० ते १ मधलं संकलन लागतं, आणि त्याचं उत्तर नेहमीच्या फलांत लिहिता येत नाही.